बादली गेली, पण नोंदीत बादली नाही

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला बनावट फोटोंवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यातल्या एका वाक्यावर अडखळलो. ‘फोटोतून एखादी वस्तू काढली किंवा त्यात नवी घातली, तर ते आता फोटोच्या मेटाडेटात दिसतं,’ असं लेखकाने म्हटलं आहे. मी बावीस वर्षं एका दैनिकाच्या फोटो डेस्कवर होतो. देवळाच्या शिखरावरून गेलेली विजेची तार ‘जरा पुसून टाका’ असं सांगणारे वरिष्ठही पाहिले आणि ती गुपचूप पुसणारे हातही (त्यात एकदा माझाही होता). म्हणून हे वाक्य मला सोडवेना. दिसतं हे खरं, पण काय दिसतं आणि काय नाही, ते नीट सांगायला हवं.

मेटाडेटा म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली तिच्याविषयीची माहिती. पण ज्याला आपण हे एकच नाव देतो, त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जुनी आहे. फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर फाइल जतन करताना तिच्या पोटात एक्सएमपी नावाची माहिती लिहून ठेवतं. त्यात `xmpMM:History` या नावाखाली फाइल कधी, कोणत्या सॉफ्टवेअरने जतन केली याच्या ओळी असतात. सोसायटीच्या गेटवरच्या वहीसारखंच हे. कोण किती वाजता आला ते कळतं, आत जाऊन काय केलं ते नाही.

लंडनमधलं मार्च २०२४चं प्रकरण आठवत असेल. केन्सिंग्टन पॅलेसने १० मार्चला, तिकडच्या मातृदिनी, युवराज्ञी केट आणि तिच्या तीन मुलांचा फोटो प्रसिद्ध केला. मधल्या शार्लटच्या मनगटापाशी स्वेटरची बाही मध्येच तुटल्यासारखी दिसत होती. त्याच रात्री एपी, एएफपी, रॉयटर्स या वृत्तसंस्थांनी तो फोटो मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी केटने आपणच एडिटिंग केल्याचं सांगून माफी मागितली. फाइलमधला मेटाडेटा पत्रकारांनी उघडला, तेव्हा ती मॅकवरच्या फोटोशॉपमध्ये दोनदा जतन झाल्याचं निघालं, एकदा शुक्रवारी रात्री आणि एकदा शनिवारी सकाळी. बस्स, इतकंच. बाही का तुटली, कुठून काय आणून चिकटवलं, याबद्दल त्या ओळींत चकार शब्द नव्हता. फोटोतला घोळ आधी डोळ्यांनी पकडला होता, मेटाडेटाने फक्त पुस्ती जोडली. शिवाय या ओळींवर कोणाची सही नसते. फुकट मिळणाऱ्या साध्या प्रोग्रॅमने त्या पुसता येतात, हव्या तशा बदलताही येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कंटेंट क्रेडेन्शियल्स. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी, इंटेल, आर्म आणि ट्रूपिक यांनी २०२१ मध्ये सीटूपीए नावाचा गट काढला आणि त्याने यासाठीचं तांत्रिक मानक लिहिलं. इथे फाइलमध्ये फक्त ओळी नसतात. कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर फोटोच्या सगळ्या बाइट्सचा गणिती ठसा काढतं, त्याला हॅश म्हणतात. मग तो ठसा आणि काय काय केलं त्याची यादी यांच्यावर मिळून डिजिटल सही होते. नंतर कोणी एक पिक्सेल जरी हलवला तरी ठसा जुळत नाही आणि तपासणारं पान तसं सांगतं. गावाकडच्या वाचकांसाठी सांगायचं तर एक्सएमपी ही गेटवरची वही, आणि ही सहीशिक्क्याची फेरफार नोंद.

आता फेरफारात नेमकं लिहिलेलं काय असतं, ते स्वतः करून पाहिलं. पंचगंगा घाटाचा माझाच एक फोटो घेतला. पायरीवर निळी प्लास्टिकची बादली होती. फोटोशॉपमध्ये क्रेडेन्शियल्सची सोय आधी चालू केली. हे आधीच करावं लागतं, कारण ती चालू करण्यापूर्वी केलेलं काम नोंदीत येत नाही. मग क्लोन स्टॅम्प या फोटोशॉपमधल्या हत्याराने शेजारच्या दगडाचा पोत घेऊन बादली झाकली. दुसऱ्या एका फोटोतली होडी वेगळी कापून ठेवली होती, ती फाइल ‘प्लेस’ करून नदीत आणून ठेवली. थोडा उजेड वाढवला, फाइल बाहेर काढली आणि contentcredentials.org/verify या पानावर टाकली.

होडी आणल्याची नोंद चांगली येते. मानकात त्यासाठी `c2pa.placed` ही स्वतंत्र कृती आहे आणि आणलेली फाइल ‘घटक’ म्हणून, तिच्या छोट्या चित्रासह, नोंदीला जोडलेली असते. म्हणजे होडी मूळ फोटोतली नाही हे पाहणाऱ्याला सरळ दिसतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने नवी वस्तू तयार करून घातली असती, तर प्रामाणिक सॉफ्टवेअर त्या कृतीपुढे तसाही शिक्का मारतं.

बादलीचं मात्र तसं नाही. मानकात `c2pa.removed` नावाची कृती आहे खरी, आणि बहुधा हे नाव वाचूनच आपल्या लेखकाचा गैरसमज झाला असावा. पण तिचा अर्थ आधी जोडलेला घटक पुन्हा काढून टाकला, एवढाच आहे. म्हणजे मी ती होडी ठेवून नंतर काढली असती, तर ही कृती लागू झाली असती. बादली हा कधी घटक नव्हताच, ती पहिल्यापासून पायरीच्याच पिक्सेलमध्ये होती. क्लोन स्टॅम्पच्या दृष्टीने मी काही काढलं नाही, उलट दगडाचे पिक्सेल तिच्यावर रंगवले. त्यामुळे नोंदीत येतं ते ‘एडिट केलं’ अशा ढोबळ अर्थाचं काहीतरी. ‘बादली’ हा शब्द कुठेच नाही, आणि सॉफ्टवेअरला बादली माहीत तरी कशी असणार? फोटोच्या कोणत्या भागात बदल झाला त्याचे निर्देशांक लिहायची जागा मानकात ठेवलेली आहे, पण ती भरलीच पाहिजे अशी सक्ती नाही.

मग काढलेली वस्तू सापडते कशी? तिचा माग कृतींच्या यादीत शोधायचा नाही, तो मूळ फोटोच्या घटकात शोधायचा. मी उघडलेली पहिली फाइल ‘पालक’ म्हणून नोंदवली जाते आणि तिचं लहान चित्रही सहीखालीच असतं, त्यामुळे ते मागाहून गुपचूप बदलता येत नाही. त्या चित्रात बादली निळ्या ठिपक्याएवढी का होईना, पण आहे. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं की ती दिसते. कॅमेराही क्रेडेन्शियल्स देणारा असेल, तर साखळी थेट शटर दाबल्यापासून मिळते. लायकाचा एम११-पी हा असा पहिला कॅमेरा ऑक्टोबर २०२३ मध्ये आला.

वृत्तछायाचित्रांत याने काय फरक पडला असता, त्याचं एक जुनं उदाहरण आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये नार्सिसो कॉन्त्रेरास या छायाचित्रकाराने एपीसाठी सीरियातल्या एका बंडखोर सैनिकाचा फोटो काढला. डाव्या कोपऱ्यात खाली सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पडलेला होता, तो त्याने जमिनीचा पोत घेऊन झाकला. बादलीचीच गोष्ट, फक्त युद्धभूमीवरची. पुढे त्यानेच हे एपीला सांगितलं. एपीने त्याचे ४९४ फोटो तपासले, दुसऱ्या कोणत्याही फोटोत फेरफार सापडला नाही, तरी जानेवारी २०१४ मध्ये त्याच्याशी संबंध तोडले. तो स्वतः बोलला नसता तर डेस्कवर कोणाला कळलं असतं? पालक चित्र जोडलेलं असतं, तर कोपऱ्यावर एक नजर टाकून काम झालं असतं. तेव्हा एपीचे छायाचित्र विभागप्रमुख असलेले सँटियागो लायन नंतर अडोबीच्या कंटेंट ऑथेंटिसिटी इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे याच क्रेडेन्शियल्सच्या प्रसाराच्या कामात गेले. मला तो योगायोग वाटत नाही.

एक तरतूद मला फार आवडली. संघर्षाच्या ठिकाणी काम करणाऱ्या छायाचित्रकाराला आपलं नाव किंवा जागा लपवावी लागते. मानक ती माहिती नोंदीतून गाळू देतं आणि ती गाळली याचीही खूण ठेवतं. पण कृतींची यादी मात्र गाळता येत नाही. माणूस झाकता येतो, त्याने फोटोवर केलेलं काम नाही.

उणिवाही लिहायला हव्यात. सही मोडली तर कळतं, पण सगळी नोंदच काढून टाकली तर उरतो तो एक साधा, मुका फोटो. स्क्रीनशॉट घेतला की झालं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तरी नोंद गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल तशीच जाते. म्हणून नोंद नसणं हा खोटेपणाचा पुरावा नाही आणि खरेपणाचाही नाही. आणि सही करणारं यंत्रच फसलं तर? निकॉनच्या झेड६ थ्री कॅमेऱ्यात २०२५ मध्ये तसं झालं. एका फोटोवर दुसरा चढवण्याची जी सोय कॅमेऱ्यात असते, तिच्यातून कुठलाही बाहेरचा फोटो आत घेता येत होता आणि कॅमेरा त्यावर बिनदिक्कत अस्सलपणाची सही करत होता. फेरफार झाला आणि नोंद मात्र कोरी! एका वापरकर्त्याने हे उघड केल्यावर निकॉनने सेवा थांबवली आणि दिलेली प्रमाणपत्रं रद्द केली.

आता थोडं आपल्या घरचं. लेखासोबतचे तिन्ही फोटो मी आपल्या संकेतस्थळावरून उतरवून त्याच पानावर तपासले. एकातही नोंद नाही. छायाचित्रकाराच्या फाइलमध्ये ती होती की नव्हती हे मला कळायला मार्ग नाही, पण संकेतस्थळांची यंत्रणा फोटो लहान करताना असला मजकूर सहसा गाळते, कारण फाइल हलकी होते. आमच्या काळात आम्हीही तेच करत होतो. ती यंत्रणा मूळ फोटोला पालक धरून लहान केलेल्या प्रतीवर नवी सही करू शकते. आपल्या तांत्रिक विभागाला एवढं विचारून पाहावं. ते होईपर्यंत निदान फोटो डेस्कने मूळ फाइल जशी आली तशी, नाव न बदलता, वेगळी ठेवावी.

लेखातल्या पुराच्या फोटोत उजव्या कडेला पाण्याचा एक पट्टा मला दोनदा आल्यासारखा वाटतो. माझी नजर आता पूर्वीची नाही. मूळ फाइल डेस्ककडे असेल तर कृपया तो कोपरा कोणाला तरी दाखवावा.

आपला,
एक निवृत्त फोटो संपादक, कोल्हापूर