मिठाची पिशवी किती दिवस पुरते, हे विचारणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

अमळनेरकडची, लाल काठाचं लुगडं नेसलेली म्हातारी आठवते का? ती माझी आई. तीन वर्षं तिच्या बीपीच्या प्रत्येक तपासणीला "मीठ कमी करा" एवढंच ऐकायचो, मान हलवून घरी यायचो. तुम्हीही तेच सांगाल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, "एक किलोची पिशवी किती दिवस पुरते? जेवणारी माणसं किती?"

वीस दिवस, चौघं. तुम्ही कागदावर मांडलंत: दिवसाला ५० ग्रॅम, माणशी साडेबारा. हवं ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. थोडं वाया जातं हे धरूनही दुप्पट. लोणच्याचं खडेमीठ तर या हिशोबात नव्हतंच.

आई म्हणाली, "मी वरतून मीठ लेतच नही." खोटं नव्हतं ते. पण तुम्ही तिला आदल्या रात्रीचं ताट आठवायला लावलंत. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, उडदाचा पापड, कैरीच्या लोणच्याची फोड. कळणा दळतानाच आम्ही ज्वारी-उडदात मीठ घालतो, हे मला कधी मोजावंसं वाटलंच नव्हतं. भाकरीत एकदा, ठेच्यात पुन्हा, भरतात तिसऱ्यांदा.

पापड भाजून खातो म्हणून मी निश्चिंत होतो. तळणं सोडलं तर तेल वाचतं, मीठ तेवढंच राहतं, हे तुमच्याकडून कळलं. वर पापडखारातही सोडियम असतं. सैंधवही सोडियमचंच मीठ, त्यात आमचे पैसे गेले होते ते गेलेच.

तुम्ही काहीच बंद करायला लावलं नाहीत. पुढचा कळणा बिनमिठाचा दळा, ठेच्याचं मीठ त्याला पुरतं. लोणच्याची फोड खार निथळून, अर्धीच, तीही रोज नाही. त्याजागी कच्च्या कैरीच्या चकत्या, लिंबू, कांदा. पापड पाहुणे आले की. भाजीचं मीठ चिमटीने नाही, चमच्याने, शेवटी.

कमी सोडियमचं मीठ आणू का विचारलं, तेव्हा तुम्ही आधी आईच्या गोळीचं नाव आणि किडनीचा रिपोर्ट पाहिलात. त्या मिठात पोटॅशियम असतं, किडनी कमजोर असेल किंवा काही बीपीच्या गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साठतं, म्हणून नको म्हणालात. हे दुकानात कोण सांगणार होतं?

पहिले पंधरा दिवस घरात धुसफूस. भाजीला चवच नाही म्हणून आप्पांनी ताट सरकवलं. महिनाभरात जीभ सरावली. लग्नातली शेवभाजी आता त्यांनाच खारट लागली. दोन महिन्यांनी आईचा बीपी १५४/९२ वरून १४४/८६. गोळी तीच, चालूच आहे.

पिशवी फोडल्याची तारीख आता पेनाने तिच्यावरच लिहितो. मागची ३६ दिवस गेली. आई अजून पापडाचा तुकडा पदराआड धरते, पण एकच.

बिनमिठाच्या कळण्याचं पीठ तुमच्यासाठी बांधून ठेवलंय. पुढच्या तपासणीला आणतो.

तुमचा,
आईचा धाकटा