बाल्कनीतली दिवाळी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, कंदील तुम्हीच करून आणणार म्हणालात, जरूर आणा. फक्त कामट्यांचा सांगाडा फुटापेक्षा मोठा नको. आमची बाल्कनी जेमतेम तीन फूट रुंद. मधोमध टांगला तर कपडे वाळत घालताना रोज डोक्याला लागेल, म्हणून कोपऱ्यातल्या हुकाला लावणार आहे. पतंगाच्या कागदाऐवजी सुती कापड चिकटवा. ठाण्यात दिवाळीच्या तोंडावरही पाऊस गाठतो, आणि सातव्या मजल्यावरच्या वाऱ्यात भिजलेला कागद टिकत नाही. खालच्या टोकाला एक दोरी सोडा. ती ग्रिलला सैल बांधली की कंदील गरगरत नाही आणि वायरला पीळ बसत नाही.

दिव्यांची माळ आणली आहे. खोक्यावर आयपी ६५ लिहिलंय, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवाराही चालतो. पण हा आकडा माळेचा. सोबतचा अडॅप्टर बहुतेक वेळा साधाच असतो, आणि लोक नेमका तोच बाहेरच्या प्लगमध्ये खोचून ठेवतात. आमचा हॉलमध्येच राहील. वायर सरकत्या दाराच्या फटीतून घ्यायची नाही, दार लावताना ती चेपते आणि हळूहळू वरचं आवरण कापलं जातं. एसीच्या पाइपाच्या भोकाशेजारी जागा आहे, तिथून काढली. बाहेर पडल्यावर वायर भोकाच्या खाली वीतभर झोल देऊन मग वर नेली आहे. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं, ते झोलाच्या तळाशी ठिबकून जातं. नाहीतर थेट भिंतीत शिरतं.

दोन माळांचा जोड जमिनीवर पडू दिला नाही, कठड्याच्या आतल्या बाजूला उंच बांधलाय. चिकटपट्टी गुंडाळली नाही, कारण एकदा पाणी आत गेलं की ती ते धरूनच ठेवते. बोर्डातल्या ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटणही दाबून पाहिलं, खटकन वीज गेली. बाबा, हे तुम्ही आल्यावर विचारणारच होतात.

आई, झेंडू कळ्या धरलेलाच आणलाय, कारण बाल्कनीत ऊन सकाळचंच येतं. कुंड्या कठड्याच्या आतून टांगल्यात. बाहेर टांगल्या तर खालच्या काकूंच्या पापडांवर पाणी पडेल, आणि कुंडी सुटली तर विचारायलाच नको. माळ फांद्यांना गुंडाळली नाही, ग्रिलवरूनच नेली. पाणी घालताना सोपं जातं. तुळस उन्हाच्या कोपऱ्यात आहे. पणत्या मात्र कठड्यावर नाहीत, वाऱ्यात टिकत नाहीत आणि तेल खाली सांडतं. त्या उंबऱ्याशी ताटात लावू.

वसुबारसेच्या आदल्या दिवशीच या. येताना कंदिलाचा होल्डर आणू नका, इथे आहे. चिवड्याचे पातळ पोहे तेवढे आणा.

तुमची,
मनू