झाकणाएवढा फरक

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. "बाबा, पृष्ठफळाचं प्रकरण मला येतच नाही, एक गुण परत गेला." येत नाही हे तू कशावरून ठरवलंस, ते मात्र लिहिलं नाहीस. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगतो.

तिचाही एकच गुण गेला होता, तीनपैकी. प्रश्न असा होता: 'झाकण नसलेल्या वृत्तचितीच्या आकाराच्या टाकीचा व्यास १.४ मीटर व उंची २ मीटर आहे. ती बनवण्यासाठी किती पत्रा लागेल?' तिचं उत्तर ११.८८ चौ.मी. आणि त्यावर लाल फुली. घरी जाऊन तिनं आठवडाभर वृत्तचितीची गणितं घोटली. पुढच्या चाचणीत पुन्हा तसाच गुण गेला, तेव्हा पेपर घेऊन माझ्याकडे आली. चेहरा असा, की जणू गणितानं तिच्याशी वैरच धरलंय.

मी तिचं उत्तर हातानं झाकलं आणि म्हटलं, प्रश्न मोठ्यानं वाच. तिनं वाचलं, "वृत्तचितीच्या आकाराच्या टाकीचा व्यास..." पहिले दोन शब्द तिनं गाळले, आणि तेही मोठ्यानं वाचताना! मी म्हटलं, आता शब्दाखाली बोट ठेवून वाच. बोट 'झाकण'वर आलं आणि थांबलं. ती काहीच बोलली नाही. पेन घेतलं आणि मिनिटभरात उत्तर काढलं: बाजूचा पत्रा २ × २२/७ × ०.७ × २ म्हणजे ८.८, तळाचा १.५४, एकूण १०.३४ चौ.मी.

मग मी तिला तिची दोन उत्तरं एकमेकांतून वजा करायला सांगितली. ११.८८ वजा १०.३४, उरले १.५४. म्हणजे नेमकं एक झाकण. तिनं जे सोडवलं होतं त्यात हिशेबाची एकही चूक नव्हती. व्यासाची त्रिज्या केली होती, 2πr(h + r) हे सूत्रही बरोबर होतं. फक्त ते झाकण असलेल्या टाकीचं उत्तर होतं आणि ती टाकी कुणी विचारलीच नव्हती. चुकलेलं उत्तर दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचं बिनचूक उत्तर निघालं, तर आधी वाचण्यावर संशय घ्यावा. हा पुरावा पक्का नाही. तिनं πr²h वापरून ३.०८ काढले असते, तर ते घनफळाचं अचूक उत्तर झालं असतं. पण ती 'पत्रा' शब्द चुकीचा वाचून तिथं गेली की पृष्ठफळ आणि घनफळ यांतच गोंधळली, हे आकड्यावरून कळलं नसतं. त्यासाठी पुन्हा सोडवूनच बघावं लागतं, कुणी इशारा न देता.

त्याच पेपरातलं शंकूचं गणित बघ. त्रिज्या ३ सेंमी, लंब उंची ४ सेंमी, वक्रपृष्ठफळ काढा. तिनं πrl मध्ये l म्हणून ४ घातले होते. तोही प्रश्न बोट ठेवून वाचायला लावला. तीनदा वाचला, तिन्ही वेळा ४. तिरकस उंची वेगळी काढावी लागते आणि इथं ती ५ येते, हे तिला माहीतच नव्हतं. ते खरं न येणं. "मला येत होतं, नुसती घाई झाली" असं तिथं म्हणाली असती तर मी ऐकून घेतलं नसतं. (ही सबब तूही एकदा वापरली होतीस. मी विसरलो नाही!)

टाकीच्या बाबतीत गंमत अशी, की आठवडाभराच्या सरावानं तिचं नुकसानच झालं. घोटलेली सगळी गणितं बंद वृत्तचितीची. त्यामुळे 'वृत्तचिती, व्यास, उंची' एवढं दिसलं की हात सूत्र लिहायला लागायचा आणि डोळे थेट आकड्यांवर उडी मारायचे. आकड्यांच्या आधी आलेले शब्द मागे राहायचे. मी तिला एवढंच सांगितलं, की सूत्राआधी एक ओळ आपल्या शब्दांत लिहायची: 'बाजू + तळ, झाकण नाही.' पहिल्यांदा लिहिताना ती कुरकुरली, वेळ जातो म्हणाली. घड्याळ लावून बघितलं, दहा सेकंद.

तर आता तुझा पेपर काढ. जिथं गुण गेला तिथलं उत्तर कागदानं झाक, प्रश्न बोट ठेवून मोठ्यानं वाच आणि कोऱ्या कागदावर सोडव. शेजारी पुस्तक उघडं ठेवू नकोस. जे उत्तर येईल ते आणि पेपरातलं जुनं उत्तर, दोन्ही मला पाठव. वजाबाकी मी करतो.

तुझा,
बाबा