बँक खातेबदलाच्या सूचनेबाबत तक्रार

प्रति,
लेखा विभागप्रमुख

विषय: पडताळता न येणारी खातेबदलाची सूचना आणि त्यापायी लावलेले विलंब शुल्क

महोदय/महोदया,

गेल्या महिन्यात तुमचा ईमेल आला की कंपनीचे बँक खाते बदलले आहे, जुने खाते आजपासून बंद, यापुढची रक्कम नव्या खात्यात भरावी. नेमके त्याच आठवड्यात आमचे बिल देय होते. आम्ही रक्कम रोखली, आणि आता तुम्ही विलंब शुल्क मागत आहात. सूचना खरी होती हे आम्हाला नंतर कळले. पण ती ज्या रूपात आली, त्यावर कोणत्याही जबाबदार हिशेबनिसाने पैसे सोडले नसते.

ईमेलचा पत्ता नेहमीचा नव्हता, कंपनीच्या नावात मध्येच एक आडवी रेघ होती. सोबत लेटरहेडवरचे पत्र आणि रद्द केलेल्या धनादेशाचा फोटो. तुमचे एखादे जुने बिल हाती असले की ही दोन्ही कोणालाही बनवता येतात. शंकेसाठी दिलेला मोबाइल क्रमांक आमच्या नोंदीत नाही. पत्र बनावट असते तर तो फोन भामट्यानेच उचलला असता! पत्ता बरोबर असता तरी आम्ही थांबलोच असतो, कारण चोर एखाद्याच्या मेलबॉक्समध्ये शिरून जुन्याच पत्रव्यवहारात उत्तर लिहितात.

म्हणून आम्ही करारातल्या क्रमांकावर फोन केला. लेखा विभागातून उत्तर मिळाले, "मेलमध्ये लिहिलंय ना, तेच." नव्या खात्याचे शेवटचे चार अंक तुम्ही वाचून दाखवा, असे आम्ही म्हणालो. अंक आम्ही सांगून त्यांनी नुसते 'हो' म्हणण्यात काही अर्थ नव्हता. त्यांच्याकडे ते नव्हते. मग थोडी रक्कम पाठवून बघा, असा सल्ला मिळाला. ती जमा झाली तर खाते चालू आहे एवढेच कळते, ते कोणाचे हे नाही. शेवटी आम्ही मुद्दाम विचित्र आकड्याची रक्कम पाठवली, पुन्हा करारातल्याच क्रमांकावर फोन केला, आणि तुमच्या माणसाने बँकेची नोंद पाहून तो आकडा अचूक सांगितला. शेवटचे चार अंकही त्यांनीच वाचले. तेव्हा कुठे बिल भरले. हे सगळे पहिल्याच फोनवर होऊ शकले असते.

विलंब शुल्क रद्द करून तसे लेखी कळवावे. शिवाय सर्व ग्राहकांना सुधारित सूचना पाठवावी. ती ईमेलखेरीज टपालानेही यावी, तिच्यावर आमच्या ओळखीच्या अधिकाऱ्याची सही असावी, आणि पडताळणीसाठी ग्राहकाने आपल्या जुन्या करारातला क्रमांकच वापरावा असे तीत स्पष्ट लिहावे. तो फोन घेणाऱ्याच्या हाती खात्याचा तपशील असायलाच हवा. पडताळणी पूर्ण होईपर्यंत जुने खातेही चालू ठेवावे. ते त्याच दिवशी बंद केल्याने ग्राहकावर घाईचा दबाव येतो, आणि घाई हीच तर फसवणुकीच्या मेलची पहिली खूण असते.

उत्तर करारातील पत्त्यावर टपालाने पाठवावे.

आपला,
व्यवस्थापक, देयक विभाग