एका रेघेपायी

प्रिय शमे,

चार महिने पत्र नाही, आता शिव्या घाल. आमची तब्येत बरी आहे. ह्यांचा खोकला तोच, थंडीही तीच.

लिहायला बसले ती चिठ्ठीपायी. आमच्या चुलतदिराला पिठाच्या डब्यात तळाशी आईंची चिठ्ठी सापडली. माझ्याच नावाची, 'चि. सौ. हिस', आणि खाली वड्यांच्या पिठाचं माप. त्याने फोटो काढून पाठवला. रात्री अकरा वाजता मी तो बोटांनी मोठा करकरून वाचला. तुला माहीत आहे, त्या गेल्या तेव्हा मला त्यांच्या हातचे वडे दोनदाच खायला मिळाले होते.

तर मजकूर असा: जाडे तांदूळ २ शेर, उडीद डाळ १ चि., चणाडाळ १ कोळवं, धणे १ निळवं. हे शेर म्हणजे वजन नव्हे, माप. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. म्हणजे इथल्या एका वाटीला चिपटं धरलं की तांदूळ ८ वाट्या, उडीद १, चणाडाळ अर्धी, धणे पाव. वाटी कुठलीही चालते, फक्त शेवटपर्यंत तीच हवी. (शाळेत कोष्टकं पाठ करताना तू माझी पाटी फोडलीस, ते मी अजून विसरलेले नाही.)

शेवटची ओळ तेलाच्या डागात. 'मेथी', मग एक उभी रेघ, मग 'चि.', पुढचं सगळं पुसट. जुन्या लिहिण्यात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. मी वाचलं, पाव चिपटं. धण्याएवढीच मेथी! नऊ माणसं जेवायला, कोंबडीचा रस्सा उत्तम, आणि वडे कडूजहर. ह्यांनी तीन खाल्ले, बिचाऱ्याने. मग म्हणाले, 'आईचे असे नव्हते गं.' मी भांडले, अर्थात.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर सुचलं. पाव चिपटं म्हणजेच निळवं. वरच्याच ओळीत धण्याला निळवं लिहिणारी बाई मेथीला 'पाव चि.' कशाला लिहील? रेघच खोटी असणार. तेलाने कागद पारदर्शक होतो आणि मागचं पुढे दिसायला लागतं. दिराला विचारलं, मागे काय आहे? दुधाचा हिशोब. रोजची एक रेघ!

मग त्याला सांगितलं, बिडाचा तवा कोरडा पुसून घे, चिठ्ठी त्यावर ठेव. खाली काळं असलं की मागच्या शाईमागून उजेड परत येत नाही आणि ती बुडते. फ्लॅश बंद कर, खिडकीजवळ घे, फोन कागदाला समांतर धर, आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून बारीक अक्षर खाऊन टाकतं. तो म्हणाला, 'वैनी, वडे करतंस की पोलिसात लागलंस?' पण पाठवला. रेघ गेलेली. उरलं, 'मेथी चि. भर'. चिपटं नव्हे गं, चिमूट! एका कागदावर तीन 'चि.', एक मी, एक चिपटं, एक चिमूट.

बाकीचं त्यांचं बरोबरच आहे. तांदूळ धुऊन, फडक्यावर सावलीत वाळवून, रवाळ दळायचे. मी पहिल्यांदा घाईत दुकानचं बारीक पीठ घेतलं होतं, तर वडे फुगलेच नाहीत, पापडासारखे झाले. मीठ घालून कडक पाण्याने घट्ट मळायचं आणि तीन-चार तास झाकून ठेवायचं. थापताना कड फाटली तर पीठ कोरडं, पाण्याचा हात लावून परत मळ. वडा तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, तो ते पिऊन टाकणार. सोडल्यावर लगेच वर यायला हवा, मग झाऱ्याने हलकं दाबलं की फुगतो.

अडलंय ते चिमटीवर. माझी दोन बोटांची चिमूट ८ वाट्या तांदळाला कळतच नाही. हे म्हणतात, आईची पाच बोटांची असायची, पण ह्यांना काय, ही आठवण ह्यांच्या नऊ वर्षांच्या वयातली.

तुझी शाळेतली बदली झाली का? आणि सासऱ्यांचं मोतीबिंदूचं? कळव.

आणि एक काम कर. आठवडी बाजाराला मालवणात जाशील तेव्हा आईंच्या थोरल्या बहिणीकडे जा. हात तसेच आहेत म्हणतात. डब्यातली मेथी त्यांना चिमटीत घ्यायला सांग, कशाला ते सांगू नकोस, नाहीतर मुद्दाम मोजून घेतील. ती तुझ्या चहाच्या चमच्यात ओत, बोटाने सपाट कर, आणि किती भरली ते लिही. गटारीच्या आधी.

तुझी,
बायो