भिशीचा शेवटचा नंबर

महोदय,

आमच्या चाळीतल्या भिशीची वही गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. बारा घरं, प्रत्येकी दोन हजार, दर महिन्याच्या पाच तारखेला चोवीस हजार एकीच्या हातात. वर्ष जूनला सुरू होतं. पहिली भिशी वहीवालीची, बाकीच्या अकरा चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून शेजारच्या छोटीकडून काढून घेतो. चिठ्ठी निघाली की वाद संपला, असंच मी मानत आले.

गेल्या वर्षी पोळ्या करून देणाऱ्या आमच्या शेजारणीला सलग दुसऱ्यांदा बारावा नंबर आला. ती म्हणाली, "ताई, मग मी पोस्टात आरडी का काढू नये? तिथे व्याज तरी मिळेल." त्या रात्री मी वही उघडून हिशेब मांडला.

पहिली भिशी उचलणारीच्या चोवीस हजारांत तिचे स्वतःचे फक्त दोन हजार असतात. उरलेले बावीस हजार म्हणजे अकरा महिन्यांत फेडायचं बिनव्याजी कर्ज. ते कर्ज देणाऱ्यांत सगळ्यात जास्त काळ थांबते ती बारावी. वर्षाला सहा टक्के व्याज धरलं तर पहिलीचा साधारण 660 रुपयांचा फायदा आणि बारावीचं तेवढंच नुकसान. एकेक नंबर मागे सरकलं की 120 रुपये जातात. शिवाय भिशी उचललेल्या कुणी हप्ता थकवला, तर पैसे अडकतात ते अजून न लागलेल्यांचे.

म्हणून यंदा आम्ही फेरी दोन वर्षांची केली. पहिल्या वर्षी चिठ्ठ्यांनी जो क्रम लागला, तोच दुसऱ्या वर्षी उलटा. पहिली ती बारावी, दुसरी ती अकरावी. अशाने प्रत्येकीचा फायदा-तोटा फिटतो. मी पहिली आहे, म्हणून पुढच्या वर्षी शेवटची भिशी माझी. सगळ्यात उशिरापर्यंत माझेच पैसे अडकणार असल्याने वसुलीला मीच दारोदार जाणार, आणि ते योग्यच आहे.

यात एक पळवाट होती. लवकर भिशी उचलायची आणि वर्ष संपल्यावर बाहेर पडायचं. त्यावर वहीत आधीच लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या: पहिल्या सहांपैकी जी सोडेल, तिने आपल्या नंबराचा फायदा भरायचा. पहिलीने 660, दुसरीने 540, असं सहावीच्या 60 रुपयांपर्यंत. ते पैसे तिच्या उलट नंबरवालीचे. ऑपरेशन किंवा फीसाठी नंबर बदलून हवा असेल तर दोघींनी ठरवावं, मागे जाणारीला महिन्यामागे 120 रुपये मिळतील.

दोन हजार झेपत नाहीत अशा दोघींनी एक नंबर अर्धा-अर्धा घेतला आहे. त्यांच्या नावांपुढे वहीत हजार-हजारच लिहिले आहेत.

इतर ठिकाणच्या वहीवाल्यांना माझी विनंती आहे की पहिला हप्ता गोळा करण्याआधी हा हिशेब सगळ्यांसमोर मांडा. आमच्या पोळ्यावाल्या शेजारणीची चिठ्ठी यंदाही बारावीच निघाली. मात्र आता तिला मे आणि जून अशा लागोपाठ दोन भिशा मिळतील, आणि जूनमध्ये तिच्या मुलाची कॉलेजची फी आहे.

— एक वाचक, डोंबिवली