47 नंबरचं पाकीट

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद,

पुण्याला सुखरूप पोचलात, जीव भांड्यात पडला. परवा फोनवर तू म्हणालास, "आई, पैसे बँकेत भरले, आता आहेराची वही घेऊन काय बसलीस?" मी फोन ठेवला तो रागाने नव्हे, रडू आलं म्हणून.

लग्नात माईआत्या स्टेजवर तुमच्या मागेच बसली होती. हातात येईल त्या पाकिटावर नंबर घालायची आणि तोच नंबर वहीत नावापुढे. म्हणून रात्री पाकिटं फोडताना सगळं जुळलं. एक 47 तेवढं राहिलं. आत 1001 रुपये, वर नाव नाही, वहीत नुसतं 'पाहुणे'. गर्दीत नंतर लिहू म्हणून राहून गेलं असणार. 46 आणि 48 दोन्ही रहिमतपूरची, एकाच जीपमधून आलेली. म्हणजे हेही त्या गाडीतलंच. पण "तुम्ही आहेर केलात का?" असं कुणाला कसं विचारू? तू फोटोवाल्याकडून स्टेजवरचे फोटो मागव आणि ओळीने बघ, त्या दोघांच्या मधे कोण उभं आहे ते.

आमच्या लग्नाची, 1994 ची लाल वही काल काढली. सुतारमामांच्या नावापुढे 'रु. 11, पोळपाट' असं नानांच्या अक्षरात आहे. 2011 ला त्यांच्या नातीचं लग्न निघालं तेव्हा नानांनी आधी ही वही उघडली. अकराचे अकरा परत करायचे नसतात, दिवस बदललेले असतात. त्यांनी 501 आणि साडी केली, आणि त्या ओळीशेजारी 'परत केला' लिहून तारीख घातली. मामा तोवर गेले होते. आहेर मुलाच्या हातात दिला. पोळपाट अजून माझ्याकडे आहे, तू त्यावरच्या पोळ्या खाऊन मोठा झालास.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस.

फोनवर ज्यांनी पैसे पाठवले त्यांची यादी मात्र दे. तिथे दिसतं त्याच नावाचा आहेर असेल असं नाही. धाकट्या काकांनी जावयाच्या फोनवरून पाठवलेत, म्हणजे नाव जावयाचं दिसेल आणि परत करायचा आहेर काकांचा. हे आत्ता माहीत आहे, दोन वर्षांनी कोण सांगणार? पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापलं होतंस, तरी माणसं घेऊन आली. त्यांना फोन करताना "साडी मिळाली" एवढं नको, कुठली ते सांग. सूनबाईला विचार, हिरवी नारायणपेठ कुणाची ते वहीत आहे.

तू हिशेबाला चोख आहेस, सगळे म्हणतात, मला अभिमान वाटतो. मी असेन तोवर वही मी बघेन. पुढे ती तुमच्याकडे येईल.

पाकिटातले 1001 मी बँकेत भरू दिले नाहीत. तसेच देवघरात ठेवलेत, फोटो बघून कळव.

तुझी,
आई